चिखलणीनंतरचा ताप

पावसाळ्यात तापाचा रुग्ण समोर बसला की मी आधी त्याचे पाय बघतो. बोटांच्या बेचक्यांत पांढऱ्या पडलेल्या चिखल्या, टाचांच्या भेगांत बसलेली तांबडी माती, पोटरीवर भाताच्या पातीने काढलेले बारीक ओरखडे. "लावणी कुठवर आली?" हा माझा पहिला प्रश्न असतो. ताप किती आहे हे त्यानंतर.

इथे सांगतो ती हकीकत एकाच माणसाची नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन केसपेपरांतून ती जुळवली आहे. पण जुलैत कोकणातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात गेलात तर हा माणूस तुम्हाला बाकावर बसलेला भेटेल.

बेचाळीस वर्षांचा शेतकरी. दहा दिवसांपूर्वी चिखलणीला पॉवर टिलरमागे दिवसभर अनवाणी चालला. मंगळवारी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. तिसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात गेला. तिथे डेंग्यूचं कार्ड निगेटिव्ह आलं, 'व्हायरल दिसतोय' असं सांगितलं गेलं आणि अंग फार दुखतंय म्हणून कमरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळालं. चौथ्या दिवशी सकाळी मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकून तो आमच्या दोन पायऱ्या कसाबसा चढला.

डोळे लालबुंद होते. डोळे येतात तेव्हाही लाल होतात, पण तेव्हा चिपडं असतात आणि पापण्या चिकटतात. इथे तसलं काही नव्हतं. नुसत्या रक्तवाहिन्या तट्ट फुगलेल्या आणि पांढऱ्या भागावर फिकट पिवळी छटा. मग मी त्याची पोटरी अंगठा आणि बोटांमध्ये धरून हलकेच दाबली. तो कळवळून अर्धवट उठला. बायको म्हणाली, "रात्री पायार चादर घातलेली पण सोसना नाय." अंगदुखी सगळ्याच तापांत असते. पण सगळ्या अंगाला सोडून पोटऱ्या अशा धरल्या गेल्या, त्यातून डोळे कोरडे लाल, आणि आठ-दहा दिवसांपूर्वी पाय चिखलात होते, एवढं जमलं की माझ्या लेखी लेप्टो ठरला. उलट सिद्ध होईपर्यंत मी त्याच वाटेने जातो.

त्यानंतर मी जे केलं ते बघून मेहुणा थोडा वैतागला असावा. घड्याळाकडे बघत मी पूर्ण एक मिनिट गप्प उभा राहिलो आणि रुग्णाचा शर्ट वरखाली होताना मोजत राहिलो. श्वास भरले तीस. धडधाकट माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र ९५ दाखवत होता, म्हणजे वरवर सगळं ठीक. ही ठीक असल्याची बतावणी फसवी असते. फुप्फुसात काही बिघडायला लागलं की शरीर आधी श्वासाचा वेग वाढवून रक्तातला प्राणवायू टिकवून धरतं. त्याला तेही जमेनासं झालं की मग आकडा घसरतो, आणि घसरतो तेव्हा तासा-दोन तासांत घसरतो. माणसाच्या छातीत रक्त उतरतंय याची पहिली खबर बहुतेक वेळा या मोजणीतच मिळते. तोंडावाटे रक्त नंतर येतं. काहींना येतही नाही.

हा जंतू मुळात उंदराच्या मूत्रपिंडात राहतो. लेप्टोस्पायरा हा बारीक धाग्यासारखा, स्क्रूसारखे वेढे असलेला आणि टोकाला आकड्यासारखा वळलेला जंतू आहे. तो प्रश्नचिन्हासारखा दिसतो म्हणून त्याच्या एका जातीला नावही तसंच मिळालं, इंटरोगॅन्स. उंदराला त्याचा काडीचा त्रास होत नाही. तो आयुष्यभर लघवीतून जंतू सोडत राहतो. गुरं, डुकरं, कुत्रीही सोडतात. ओल्या मातीत, साचलेल्या गोड्या पाण्यात जंतू बरेच दिवस तग धरतो आणि उन्हात सुकला की मरतो. माणसात शिरायला त्याला चिखल्या, भेगा, ओरखडा किंवा डोळ्यात उडालेला चिखलाचा थेंब पुरतो. शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण पाच ते चौदा दिवस जातात. त्यामुळे रुग्णाला "काल पाण्यात भिजलात का?" असं विचारण्यात अर्थ नाही. विचारायचं ते मागच्या पंधरवड्याचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईकर कंबरभर पाण्यातून चालत घरी गेले. मुंबईची रुग्णालयं लेप्टोच्या रुग्णांनी भरली ती ऑगस्टमध्ये.

रोगाची जुनी ओळख कावीळ आणि मूत्रपिंड या जोडीने झाली. १८८६ मध्ये हायडेलबर्गच्या अ‍ॅडॉल्फ वाईल यांनी ताप, कावीळ आणि लघवीचा बिघाड एकत्र असलेले रुग्ण वर्णन केले. तेव्हापासून 'कावीळ नाही म्हणजे लेप्टो नाही' हा समज डॉक्टरांच्याही डोक्यात घट्ट बसला. त्याची किंमत अंदमानने मोजली. १९८८ पासून तिथे पावसाळा सरता सरता तापाच्या साथी यायच्या, माणसं खोकून रक्त टाकत मरायची, आणि कावीळ बहुतेकांना नसायची. कारण सापडेना म्हणून आजाराला 'अंदमान हेमरेजिक फीव्हर' असं नाव देऊन टाकलं. तो लेप्टो होता हे नव्वदच्या दशकात उघड झालं. १९९५ मध्ये निकाराग्वात पुरानंतर हुबेहूब हेच घडलं. फुप्फुसाचा लेप्टो काविळीची वाट बघत नाही.

पुन्हा आपल्या रुग्णाकडे. नाडी ११८, रक्तदाब ९६/६०. मी रक्त काढून घेतलं, छातीचा एक्स-रे सांगितला आणि रिपोर्ट यायच्या आत शिरेतून सेफ्ट्रियाक्सोन चालू केलं. "टेस्ट तरी येऊ दे," मेहुणा म्हणाला. त्याचं म्हणणं वाजवी होतं, पण या आजारात टेस्ट उशिरा बोलते. गावोगावी होते ती आयजीएम तपासणी जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं ती शोधते, आणि ती दिसण्याइतकी तयार व्हायला पाच ते सात दिवस लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं 'निगेटिव्ह' म्हणजे 'अजून कळलं नाही' एवढंच. पहिल्या आठवड्यात रक्तातला जंतू पीसीआरने थेट सापडतो, पण ती सोय तालुक्याला नसते आणि नमुना बाहेर पाठवला तर उत्तर यायला दिवस जातात. आमच्या रुग्णाचं आयजीएम त्या दिवशी निगेटिव्हच होतं. नवव्या दिवशी पुन्हा केलं तेव्हा पॉझिटिव्ह आलं. तोवर थांबलो असतो तर तो कागद घ्यायला माणूस उरला नसता.

साधे रिपोर्ट मात्र दुपारीच हातात आले आणि ते पुष्कळ बोलके होते. प्लेटलेट ६२ हजार. हा आकडा बघून कुणीही डेंग्यू म्हणेल. पण पांढऱ्या पेशी १४,२०० होत्या. डेंग्यूत त्या सहसा कमी होतात, लेप्टोत बहुधा वाढतात. बिलिरुबिन ४.२, म्हणजे कावीळ पक्की, पण यकृताचं एंझाइम एसजीपीटी जेमतेम ८८. विषाणूच्या काविळीत हा आकडा शेकड्यांत, कधी हजारांत जातो. लेप्टोत यकृताच्या पेशी फारशा मरत नाहीत, म्हणून रंग गडद आणि एंझाइम किरकोळ असा विजोड दिसतो. क्रिएटिनिन ३.१ होतं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम बऱ्यापैकी ढासळलेलं. आणि पोटॅशियम ३.२, किंचित कमी.

हा शेवटचा आकडा नव्या डॉक्टरांना बुचकळ्यात टाकतो. मूत्रपिंड निकामी व्हायला लागलं की पोटॅशियम साचून वाढतं, असं आपण शिकतो. लेप्टोचा जंतू मात्र मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांवर घाव घालतो, त्यातही गाळलेलं मीठ-पाणी परत ओढून घेणाऱ्या पहिल्या भागावर. तो भाग लुळा पडला की सोडियम आणि पोटॅशियम लघवीतून वाहून जातं. म्हणून सुरुवातीला लघवी भरपूर होत असते आणि तरीही क्रिएटिनिन चढत असतं. "लघवी होते ना व्यवस्थित?" "होते." एवढ्यावर मूत्रपिंडाला पास करू नये ते यासाठी. लघवी मोजायची, लिटरच्या पाण्याच्या बाटलीवर पेनाने रेघा मारून मोजली तरी चालते. पुढे तापाने अंग सुकतं, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं, आणि मग ती खरोखरच आटते. दिवसाला चारशे मिलिलिटरच्या खाली गेली की धोक्याची पातळी.

आता त्या कमरेतल्या इंजेक्शनबद्दल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड या जातीची औषधं वेदना झटकन कमी करतात, म्हणून लोकांना आवडतात आणि दवाखान्यालाही बरकत आणतात. पण आधीच अडचणीत असलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा ती आणखी कमी करतात आणि उरल्यासुरल्या प्लेटलेटनाही नीट काम करू देत नाहीत. शिवाय प्लेटलेट कमी असताना स्नायूत सुई टोचली की आत रक्त साकळतं. त्या माणसाच्या कमरेवर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. पावसाळी तापात पॅरासिटामॉल, तेही मापात, याच्या पलीकडे वेदनाशामक घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. दुखणं चार तास जास्त सोसलं म्हणून कुणी डायलिसिसवर जात नाही.

पहिल्या डोसनंतर दीड तासाने वॉर्डातून हाक आली. रुग्ण थडथडा कापत होता, ताप १०३ वर आणि रक्तदाब आणखी उतरलेला. बायकोने साहजिकच इंजेक्शनला दोष दिला. रिअ‍ॅक्शनची शंका आधी फेडावीच लागते. अंगावर गांधी नव्हत्या, ओठ सुजले नव्हते, छातीत सूं-सूं नव्हती. मग उरतो तो यारिश-हर्क्सहायमर नावाचा प्रकार. औषधाने जंतू एकदम मरतात, त्यांचे तुकडे रक्तात सुटतात आणि शरीर त्यावर भडकतं. काही तासांत हे आपोआप ओसरतं. औषध बंद करायचं नसतं, माणसाजवळ बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास बघत राहायचं असतं. हे आधीच सांगून ठेवलं असतं तर त्या बाईला अर्धा तास तसा काढावा लागला नसता. तेव्हापासून मी आधी सांगतो.

औषधाच्या बाबतीत हा रोग तसा गरीब आहे. जुन्या पेनिसिलिननेही जंतू मरतो. बळावलेल्या आजारात पेनिसिलिन शिरेतून दर सहा तासांनी पंधरा लाख युनिट, नाहीतर सेफ्ट्रियाक्सोन दिवसातून एकदा एक ग्रॅम, दोन्ही सात दिवस. थायलंडमध्ये दोन्हींची समोरासमोर तुलना झाली आणि गुण सारखाच आला. दिवसातून एकच इंजेक्शन म्हणून सेफ्ट्रियाक्सोन सोयीचं. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोन वेळा, सात दिवस. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्याऐवजी अ‍ॅमॉक्सिसिलिन. औषध स्वस्त आहे, ठिकठिकाणी मिळतं, आणि तरी माणसं जातात, कारण एकदा फुप्फुसातल्या केशवाहिन्या पाझरायला लागल्या की जंतू मेल्याने ते पाझरणं लगेच थांबत नाही. मेलेल्यांच्या फुप्फुसात जंतू फार थोडे सापडतात. शरीराचा स्वतःचा प्रतिकारच तिथे वायुकोशांच्या भिंतींवर उलटलेला दिसतो. म्हणून प्रतिजैविक लागतं ते या वळणाच्या अलीकडे.

आमचा रुग्ण त्या वळणावरच होता. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत कापसाच्या बोळ्यांसारखे पुंजके दिसत होते. संध्याकाळी पाच वाजता श्वास ३६, ऑक्सिमीटर ९०, आणि रुमालात थुंकी धाग्याएवढी लाल.

त्या वेळी सगळ्यात अवघड प्रश्न सलाइनचा होता. रक्तदाब कमी आणि मूत्रपिंड सुकलेलं, म्हणजे पाणी हवं. फुप्फुसाच्या केशवाहिन्या गळक्या, म्हणजे ओतलेलं पाणी वायुकोशांत उतरणार. डेंग्यू समजून बाटलीमागून बाटली लावली तर मूत्रपिंड वाचवता वाचवता फुप्फुस बुडतं. अशा वेळी अडीचशे मिलिलिटर द्यायचं, थांबायचं, श्वास मोजायचा, छातीच्या तळाशी स्टेथोस्कोप लावायचा, आणि मगच पुढचे अडीचशे. दोन-तीनदा देऊनही दाब चढेना तर पाण्याचा हट्ट सोडून नॉरअ‍ॅड्रिनलीन. ते पंपावर चालवावं लागतं. आमच्याकडे एकच पंप होता. तो रुग्णवाहिकेत चढवला आणि ऑक्सिजन लावून त्याला मोठ्या रुग्णालयाकडे पाठवला. सिंधुदुर्गातले लोक अशा वेळी पूर्वापार गोव्याला, बांबोळीला जातात. वरच्या कोकणातल्यांना मुंबई किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. घाटात दरड कोसळलेली असेल तर हाही हिशेब तापाच्या चौथ्या दिवशीच करायचा असतो. सहाव्या दिवशी तो करायला वेळ उरत नाही.

पुढचं मला तिथल्या डॉक्टरांकडून कळलं. पाचव्या दिवशी पहाटे श्वासनलिकेत नळी घालावी लागली आणि नळीतून ताजं लाल रक्त आलं. हिमोग्लोबिन एका रात्रीत १२.४ वरून ९.१ वर उतरलं होतं. न खोकता गेलेलं ते रक्त सगळं छातीत साचलेलं. व्हेंटिलेटरवर त्याला मुद्दाम छोटे श्वास दिले, वजनाच्या हिशेबात किलोमागे सहा मिलिलिटर, आणि श्वास सोडतानाही फुप्फुसात थोडा दाब धरून ठेवला. त्या दाबाने वायुकोश मिटत नाहीत, पाझरही थोडा दाबला जातो. नळीतून सारखं रक्त ओढून काढायचा मोह आवरावा लागतो, कारण प्रत्येक वेळी नळी उघडली की धरलेला दाब सुटतो. स्टेरॉइडचा विषय घरच्यांनी काढला होता. कुणी देतात, कुणी देत नाहीत; फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही आणि नवा संसर्ग होण्याची भीती खरी आहे. या रुग्णाला दिलं नाही.

क्रिएटिनिन ५.८ झालं आणि लघवी आटली, तशी त्याच दिवशी डायलिसिस सुरू झाली. पूर्वी डायलिसिस 'अगदी गरज पडेपर्यंत' लांबवायची आणि मग दिवसाआड करायची रीत होती. ब्राझीलमध्ये अतिदक्षता विभागातल्या अशाच रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. उशिरा आणि दिवसाआड डायलिसिस मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश दगावले, लगेच आणि रोज मिळालेल्यांपैकी साधारण सहातला एक. अभ्यास तेहतीस जणांचाच होता, तरी माझ्या ओळखीच्या बहुतेक डॉक्टरांची पद्धत त्यानंतर बदलली. युरिया साचला की प्लेटलेट आणखी निकम्म्या होतात, अंगात पाणी साचलं की फुप्फुस आणखी भिजतं. रोजची डायलिसिस दोन्ही उपसून काढते. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात एरवी घालतात ते हेपरिन अर्थातच घातलं नाही.

नवव्या दिवशी नळी निघाली. दहाव्या दिवशी लघवी चार लिटर झाली आणि बायकोने आनंदाने फोन केला. खरं तर याही दिवशी लक्ष ठेवायचं असतं, कारण बऱ्या होणाऱ्या मूत्रपिंडातून पोटॅशियम धो धो वाहून जातं आणि हृदयाचे ठोके चुकू शकतात. त्याला दोन दिवस पोटॅशियम द्यावं लागलं. सोळाव्या दिवशी तो घरी गेला. सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन १.१ आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ. रक्ताने भरलेलं फुप्फुस व्रणसुद्धा न ठेवता पूर्ववत होतं, ही या आजाराची उदार बाजू. पण फुप्फुसात रक्तस्राव झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावल्याचे अहवाल आहेत, हेही तितकंच खरं.

एक गोष्ट राहिली. रुग्णवाहिका निघताना बायको पायरीवर बसून राहिली होती. कपाळाला हात लावला तर गरम. तीही त्याच कुणग्यांत लावणीला वाकली होती. तिच्या पोटऱ्या दाबल्या, तिनेही पाय आखडला. श्वास अठरा, लघवी नेहमीसारखी, रक्तदाब ठीक, क्रिएटिनिन ०.९. ताप लागून जेमतेम एक दिवस झालेला. तिला डॉक्सिसायक्लिनच्या चौदा गोळ्या दिल्या, उपाशीपोटी घेऊ नकोस, पेज घेऊन मग घे, आणि गोळीवर पेलाभर पाणी पी म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पोटात जळजळ सोडली तर तिला काही झालं नाही.

सातव्या दिवशी ती दाखवायला आली तेव्हा नवरा अजून व्हेंटिलेटरवर होता आणि दोन कुणगे लावायचे राहिले होते. तरवा पिवळा पडायला लागला होता. "जाव काय?" तिने विचारलं. गमबूट घालून जा, असं मी म्हणालो. ती हसली. गुडघाभर चिखलात गमबूट घालून पाय उचलला तर पाय येतो, गमबूट तिथेच राहतो, हे तिने मला नीट समजावून सांगितलं. मग मी तिच्या बेचक्यांतल्या चिखल्यांना लावायला मलम लिहून दिलं आणि लावणी संपेपर्यंत आठवड्याला दोनशे मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन.

"ह्यो पण पेजेवांगडा?" तिने विचारलं.

"पेजेवांगडाच."